स्थगितीला नकार, म्हणजे घर राहिले की गेले?

आमच्या खालाचे घर कल्याण पूर्वेला. पाच मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खालूंनी निवृत्तीच्या पैशांतून घेतल्या. घेतल्या तेव्हा बिल्डरने कागदांची जाडजूड फाइल हातात दिली होती. काही वर्षांनी महापालिकेची नोटीस आली, की इमारतीला परवानगीच नाही, ती पाडायची आहे. रहिवाशांनी वर्गणी काढून वकील केला आणि सगळे कोर्टात गेले.

ज्या दिवशी सुनावणी होती, त्या संध्याकाळी मी शाळेतून घरी पोहोचले तर अम्मीच्या हातात पेढा होता. "खालाच्या इमारतीला स्टे मिळाला. अल्हम्दुलिल्लाह, तोंड गोड कर." मी विचारले, कोणी सांगितले? तर खालाच्या मुलाने फोन केला होता. तो कॉलेजात शिकतो, घरात इंग्रजी वाचणारा तोच. त्याने एका इंग्रजी वृत्तपत्राचा मथळा मोबाइलवर पाहिला आणि खानदानाच्या ग्रुपवर टाकला. मी तो उघडून पाहिला. मथळा असा होता: "एचसी रिफ्यूजेस टु स्टे रेझिंग ऑफ इल्लीगल बिल्डिंग."

मी पेढा परत ताटलीत ठेवला.

मुलाची चूक झाली ती अशी. त्याने "रिफ्यूजेस" वाचले, म्हणजे नकार दिला. मग "रेझिंग" वाचले, म्हणजे पाडणे. दोन्ही जोडून अर्थ लावला, की कोर्टाने पाडायला नकार दिला. मधला "स्टे" त्याने तसाच ओलांडला. खालूंची चूक उलटी. त्यांना इंग्रजी येत नाही, पण "स्टे" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना येतो. चाळीत, कचेरीत, बाजारात "स्टे आला", "स्टे आणला" असे आपण रोज म्हणतो. त्यांनी मुलाच्या तोंडून "स्टे" ऐकले आणि त्यांच्या मनाने पुढचे वाक्य स्वतःच पूर्ण केले. दोघांनी वेगवेगळे शब्द गाळले आणि दोघे एकाच चुकीच्या आनंदाला पोहोचले.

खरा अर्थ असा होता, की पाडकाम थांबवायला कोर्टाने नकार दिला. म्हणजे इमारत पडणार होती.

मी फोन केला तेव्हा खाला बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बेटा, छापणाऱ्यांनी सरळ का नाही लिहिले?" तिचा हा प्रश्न माझ्या मनात राहिला. मी मुंब्र्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. बातमीलेखन आमच्या अभ्यासक्रमात आहे. मुले मथळा लिहायला शिकतात, पण मथळा वाचायला त्यांना कोणी शिकवत नाही, मीही शिकवले नव्हते. त्या दिवसापासून शिकवते. ते शिकवताना मला जे उमगले, ते इथे सांगते.

उर्दूत मथळ्याला सुर्खी म्हणतात. सुर्खी म्हणजे लाली. हाताने किताबे लिहिली जात तेव्हा प्रकरणाचे नाव लाल शाईने लिहीत, म्हणून मथळ्याचे नाव सुर्खी पडले. लाल शाई एवढेच सांगायची, की इथे थांब, इथून नवी गोष्ट सुरू होते. गोष्ट तिच्याखाली काळ्या शाईत असायची. आज आपण फक्त सुर्खी वाचतो आणि काळ्या शाईपर्यंत जातच नाही. आणि ज्या सुर्खीवर आपण विसंबतो, ती पूर्ण वाक्य नसते. ती जागेत मावावी म्हणून कापलेली असते. बातमी लिहिणारा बातमीदार सहसा मथळा देत नाही. मथळा देतो तो कचेरीत बसलेला उपसंपादक. त्याच्यासमोर पानावर ठरावीक रुंदीची जागा असते आणि तेवढ्यात त्याला शब्द बसवायचे असतात. ज्या शब्दांवाचून अर्थ निभतो असे त्याला वाटते, ते तो काढून टाकतो.

इंग्रजीत सगळ्यात आधी जातात ते "अ", "अ‍ॅन", "द" हे छोटे शब्द आणि "इज", "आर", "वॉज", "वेअर" ही क्रियापदे. आपल्याला पहिल्यांचे फारसे दुःख नाही, कारण मराठीत आणि उर्दूत तसले शब्द मुळातच नाहीत. पण दुसरे गेले की घोटाळा होतो. "टू हेल्ड" असा मथळा दिसतो. शाळेत शिकलेल्या इंग्रजीप्रमाणे मुले त्याचा अर्थ लावतात, "दोघांनी पकडले". खरे तर मधला "वेअर" पडलेला आहे, म्हणून अर्थ होतो "दोघांना पकडले". पकडणारा पकडला जाणारा होतो. मराठी मथळा इथे जास्त प्रामाणिक वाटतो. तो "दोघे अटकेत" असे म्हणतो आणि कोण आत गेले याविषयी शंका ठेवत नाही.

पण अटकेपुढे मराठी मथळाही घसरतो. "टू हेल्ड फॉर फोर्जिंग पेपर्स" याचे सरळ भाषांतर "कागद बनावट केल्याबद्दल दोघे अटकेत". वाचणाऱ्याला वाटते, यांनी केलेच. वास्तविक पोलिसांनी त्यांच्यावर तसा आरोप ठेवला आहे, एवढेच घडलेले असते. "तसा आरोप आहे" हे शब्द जागेपायी गेले. चांगला मराठी उपसंपादक इथे "प्रकरणी" हा शब्द वापरतो: "बनावट कागदपत्र प्रकरणी दोघे अटकेत". या एका शब्दाने फरक पडतो. गुन्हा घडला असे पोलिसांचे म्हणणे आहे, त्या प्रकरणात हे दोघे पकडले गेले आहेत, केले की नाही हे कोर्ट ठरवील. आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाचे नाव मथळ्यात आले की लोक "हेल्ड" वाचून "दोषी" समजतात आणि त्याच्या घरी जाणे-येणे बंद करतात. मी वर्गात सांगते, "हेल्ड" किंवा "अटकेत" दिसले की त्याच्याशेजारी मनात "आरोप" हा शब्द लिहा. पुढे "कन्व्हिक्टेड", म्हणजे दोषी ठरवले, किंवा "अक्विटेड", म्हणजे निर्दोष सोडले, असा शब्द येईपर्यंत तो पुसू नका.

दुसरी गोष्ट काळाची. २१ जुलै १९६९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले होते, "मेन वॉक ऑन मून". माणसे चंद्रावर चालतात. पेपर लोकांच्या हातात पडला तेव्हा ते चालणे संपले होते. व्याकरणाने "वॉक्ड" हवे होते. तरी इंग्रजी मथळ्याची रीत अशी, की घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगायची. त्याने बातमी ताजी वाटते आणि शब्दही आखूड होतात. पुढे घडायचे असेल तर क्रियापदाआधी "टु" लावतात. "केडीएमसी टु रेझ" म्हणजे महापालिका पाडणार आहे. "केडीएमसी रेझेस" म्हणजे पाडून झाले. ज्याचे घर त्या ओळीत आहे, त्याला एवढ्याशा "टु"ने सामान काढायची सवड आहे की नाही ते कळते.

मराठी आणि उर्दू मथळे आणखी पुढे जातात. ते पुष्कळदा क्रियापदच ठेवत नाहीत. "पाडकामाला हायकोर्टाची स्थगिती". यात दिली, देते, देणार, काहीच नाही. उर्दूतही तसेच, "का ऐलान", "का इनकार" असे म्हणून ओळ संपते. सकाळचा पेपर हातात असेल तर यात काही बिघडत नाही, कारण वर तारीख छापलेली असते. ओळीतून गेलेला काळ पानाने सांभाळलेला असतो. पण मथळ्याचा फोटो कापून मोबाइलवर फिरू लागला की तारीख मागे राहते आणि ओळ पुढे जाते. मग दोन वर्षांपूर्वीची स्थगिती आजची वाटते.

खालाच्या इमारतीत हेही झाले. मी खरा अर्थ सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी रहिवाशांच्या ग्रुपवर कोणीतरी एक मराठी कात्रण टाकले: पाडकामाला स्थगिती. खालूंनी मला तिखट शब्दांत फोन केला, "तू घाबरवलेस, हे बघ काय आले." मी कात्रण मोठे करून पाहिले. वरचा भाग, जिथे तारीख असते, तो कापलेला होता. पण मथळ्याखाली बातमीची दीड ओळ राहिली होती आणि तिच्यात न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा उल्लेख होता. कल्याणचे प्रकरण मुंबईत चालते. मी त्या दीड ओळीतले शब्द इंटरनेटवर जसेच्या तसे शोधले, तर बातमी फार जुनी निघाली आणि दुसऱ्याच शहरातली. टाकणाऱ्याने फसवायला टाकले नव्हते. त्याला कोणीतरी पाठवले, त्याला बरे वाटले, त्याने पुढे पाठवले. मथळ्यात ना काळ होता ना गाव. जो तो आपले गाव आणि आजचा दिवस त्यात भरत होता.

काळ गोठला की आकडाही गोठतो. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. त्या रात्रीच्या पहिल्या बातम्यांत मृतांचा आकडा याहून पुष्कळ कमी होता. ढिगारा उपसत गेले तसा तो वाढत गेला. पहिल्या मथळ्यात तेव्हापुरते खोटे काही नव्हते. पण तोच जपून ठेवून आज कोणी दाखवला, तर तो चुकीचे सांगेल. म्हणून आकडा असलेला मथळा वाचताना आधी विचारावे, हा आकडा कोणत्या दिवसाचा?

तिसरी अडचण नामांच्या रांगेची. इंग्रजी मथळ्यात सहा-सात नामे एकापुढे एक उभी करतात आणि त्यांना जोडणारे शब्द काढून टाकतात. आपल्याकडे "चा, ची, चे, च्या" ही जोडणी शब्दाला चिकटलेली असते, ती सहसा तोडता येत नाही. म्हणून मराठी मथळा लांबतो, पण नाती दिसत राहतात. इंग्रजीत नाती वाचणाऱ्याने ओळखायची असतात.

२००९ मध्ये जपानमधल्या एका इंग्रजी बातमीचा मथळा यासाठी प्रसिद्ध झाला. "व्हायोलिनिस्ट लिंक्ड टु जेएएल क्रॅश ब्लॉसम्स." वाचणारे बुचकळ्यात पडले, की हे क्रॅश ब्लॉसम्स काय असते? अपघाताची फुले? खरी बातमी अशी होती, की एका व्हायोलिनवादक मुलीचे वडील १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले होते. त्या अपघाताशी नाते असलेली ती मुलगी आता कलाकार म्हणून बहरते आहे. "ब्लॉसम्स" हे नाम नव्हते, क्रियापद होते. "हू इज", म्हणजे "जी आहे", हे दोन शब्द कापल्यामुळे ते "क्रॅश"ला जाऊन चिकटले. तेव्हापासून इंग्रजी संपादक अशा फसव्या मथळ्याला क्रॅश ब्लॉसमच म्हणतात.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि तिच्या भरवशावर लोकांनी घरे घेतली. एका वास्तुविशारदाने जनहित याचिका केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. अशा प्रकरणावर मथळा कसा होईल, हे दाखवायला मी फळ्यावर स्वतः एक ओळ लिहिते: "केडीएमसी फेक रेरा पेपर्स केस अक्यूज्ड बेल प्ली रिजेक्टेड."

मुले डावीकडून सुरुवात करतात आणि तिसऱ्या शब्दाला अडकतात. मी सांगते, उजवीकडून चला. शेवटी "रिजेक्टेड", फेटाळला. काय फेटाळला? त्याच्या आधीचा शब्द "प्ली", अर्ज. कशाचा अर्ज? "बेल", जामिनाचा. कोणाचा? "अक्यूज्ड", आरोपीचा. कुठल्या प्रकरणातल्या? "पेपर्स केस", कागदांच्या प्रकरणातल्या. कोणते कागद? "फेक रेरा", रेरासाठीचे बनावट. कुठले? "केडीएमसी", कल्याण-डोंबिवलीतले. प्रत्येक पावलावर एक "चा" किंवा "तला" भरत गेलो की मराठी वाक्य तयार होते: कल्याण-डोंबिवलीतील बनावट रेरा कागदपत्र प्रकरणातील आरोपीचा जामीन अर्ज फेटाळला.

पण इथेही एक खड्डा आहे. "केडीएमसी फेक पेपर्स" हे तीन शब्द जवळ आले की वाचणाऱ्याला वाटते, खोटे कागद महापालिकेने केले. काहींना वाटते, खोटे रेराने केले. रांगेत कर्ता नसतोच. कोणी केले आणि कोणाच्या नावाने केले, ही दोन्ही नाती एकाच जागी गडप होतात. या प्रकरणात महापालिकेच्या नावाने परवानग्या बनवल्या गेल्या, एवढे समजायला मथळा पुरत नाही, बातमीचा पहिला परिच्छेद वाचावाच लागतो. नामांची रांग दिसली की मुलांनी विचारायचा प्रश्न मी ठरवून दिला आहे: यात करणारा कोण आहे? सापडला नाही तर बातमी उघडायची.

आता खालाच्या ओळीकडे परत येते, कारण ती सगळ्यांत अवघड होती. त्या रात्री मी तिच्या घरी गेले. खालू, खाला, त्यांचा मुलगा आणि शेजारचे दोघे बसले होते. मी वहीच्या पानावर इमारतीचे चित्र काढले आणि ओळीतले तीन शब्द शेवटून घेतले.

पहिला शब्द "रेझिंग", पाडणे. नुसता हाच असता तर इमारत पडली असती. दुसरा शब्द "स्टे", थांबवणे. पाडणे थांबवले तर इमारत राहते. तिसरा शब्द "रिफ्यूजेस", नाही म्हणतो. थांबवायला नाही म्हटले तर इमारत पुन्हा पडते. प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला उलटवतो. एक शब्द, पडते. दोन शब्द, राहते. तीन शब्द, पडते. उद्या सुप्रीम कोर्टाने हा नकार रद्द केला, तर चौथा उलटवणारा शब्द येईल आणि इमारत राहील. विषम असतील तर पडते, सम असतील तर राहते. खालू हिशेबाचे माणूस. त्यांनी बोटे मोजली आणि मान खाली घातली.

मुलाने विचारले, "आपा, मराठीत वाचले असते तर चुकलो नसतो?" मी त्याच पानावर मराठी मथळा लिहिला: "पाडकामाला स्थगिती देण्यास हायकोर्टाचा नकार". शब्द तेच तीन, पण क्रम उलटा. इंग्रजीत निर्णय सुरुवातीला असतो आणि ज्यावर निर्णय दिला ती वस्तू शेवटी. मराठीत वस्तू आधी आणि निर्णय अगदी शेवटी. उर्दूही मराठीसारखीच चालते, "इन्हिदामी कार्रवाई पर रोक लगाने से हाईकोर्ट का इनकार", शेवटचा शब्द इनकार. म्हणून घाईत असाल तर इंग्रजीत पहिले क्रियापद सोडू नका आणि मराठी-उर्दूत शेवटचा शब्द सोडू नका. मोबाइलच्या पडद्यावर लांब मराठी मथळा अर्धवट दिसतो आणि पुढे तीन टिंबे असतात. "पाडकामाला स्थगिती देण्यास..." एवढेच दिसले तर आशा वाटते. निर्णय त्या तीन टिंबांत लपलेला असतो.

ही मोजणी कुठे चालत नाही, तेही सांगायला हवे. शब्द खरोखर उलटवणारा असेल तरच तो मोजायचा. "एचसी सीक्स रिप्लाय" म्हणजे कोर्टाने समोरच्याकडून उत्तर मागवले. यात काही राहिले नाही की पडले नाही. "रेसिडेंट्स मूव्ह एचसी" म्हणजे रहिवासी हायकोर्टात गेले. इथे "मूव्ह"चा घर हलवण्याशी काही संबंध नाही. "एचसी रिझर्व्ह्ज ऑर्डर" म्हणजे निकाल राखून ठेवला, नंतर सांगू. "पुल्स अप" म्हणजे खडसावले, आणि खडसावणे हा आदेश नव्हे. अशा मथळ्यांवर लोक पेढेही वाटतात आणि रडतातही. प्रत्यक्षात इमारत कालच्या जागी असते आणि खटलाही कालच्याच जागी असतो.

मोजणी बरोबर आली तरी मथळा दोन गोष्टी सांगत नाही, कधी आणि कितपत. ६५ इमारतींच्या आदेशात मुदत तीन महिन्यांची होती, पण ती उलटून गेल्यावरही त्यांतल्या बऱ्याच इमारती उभ्या होत्या. आदेश आणि हातोडा यांच्यात अपिले असतात, बंदोबस्त असतो, राजकारण असते. तसेच स्थगिती बहुतेकदा अंतरिम असते, पुढच्या तारखेपर्यंतची. "स्टे मिळाला" म्हणून जे घर पुन्हा रंगवायला घेतात, त्यांना हे सांगावे लागते.

खालाच्या बातमीत मथळ्याखाली चौथ्या परिच्छेदात एक ओळ होती. घर रिकामे करायला किंवा वरच्या कोर्टात जायला रहिवाशांना दोन आठवडे दिले होते. सगळ्या बातमीत त्यांच्या कामाची ओळ ती एकच, आणि ती कोणी वाचली नव्हती. पेढ्यांत आणि जुन्या कात्रणात त्यांचे तीन दिवस गेले. खालूंनी शहाडला भाड्याची खोली पाहून ठेवली होती. स्टे मिळाला असे समजून त्यांनी मालकाला नको म्हणून कळवले. खरे कळल्यावर परत फोन केला, तोवर मालकाने ती दुसऱ्याला दिली होती. शेवटी टिटवाळ्याला मिळाली, भाडे जास्त आणि स्टेशन लांब. वकील वरच्या कोर्टात गेले आहेत. काय होते ते अल्लाह जाणे. खालाने सामानातले भांड्यांचे दोन बॉक्स अजून उघडलेले नाहीत.

वर्गात मी आता दर शुक्रवारी एक तास मथळ्यांचा ठेवला आहे. मुले घरून पेपर आणतात, कोणी मराठी, कोणी उर्दू, कोणी वडिलांच्या दुकानातून इंग्रजी. प्रत्येकाने एक मथळा निवडायचा आणि त्याचे पूर्ण वाक्य करायचे. कोणी, काय, केव्हा, कोणाला, सगळे शब्द परत भरून. भरता आले नाहीत तिथे रिकामी जागा ठेवायची आणि खालची बातमी वाचून ती भरायची. एका मुलीने मला वही दाखवली. मथळा सहा शब्दांचा होता आणि तिचे वाक्य बावीस शब्दांचे. तिने विचारले, "टीचर, एवढे सगळे आधी कुठे होते?" मी म्हटले, खाली, काळ्या शाईत.

मागच्या महिन्यात खालाच्या मुलाने ग्रुपवर पुन्हा एक मथळा टाकला. या वेळी त्याखाली त्याने स्वतः लिहिले होते: "तारीख आजची. कोर्ट मुंबई. निकाल नाही, फक्त पुढची तारीख. आत वाचले आहे." खालूंनी खाली अंगठा दाखवला. पेढे कोणी आणले नाहीत.